धरणांचा डॅशबोर्ड नव्या साधनात नेताना

रीडॅश नावाचं एक साधन आहे. डेटाबेसमधल्या आकड्यांचे तक्ते आणि आलेख करून ते एका पानावर मांडायचे आणि त्या पानाची लिंक लोकांना द्यायची, एवढं त्याचं काम. ज्यांना स्वतःचा सर्व्हर चालवायचा नव्हता, त्यांच्यासाठी कंपनीची सशुल्क सेवा होती. २०२० मध्ये डेटाब्रिक्सने रीडॅश विकत घेतलं आणि नोव्हेंबर २०२१ अखेर ती सेवा बंद झाली. साधन मुक्त स्रोतातलं असल्यामुळे आजही कुणालाही ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. पण त्या सेवेवर तयार केलेले सगळे सार्वजनिक पत्ते `app.redash.io` या नावाने सुरू होत होते आणि ते नाव कंपनीचं होतं. लोकांनी आपले तक्ते दुसरीकडे नेले, पत्ते मात्र कुणालाच नेता आले नाहीत.

डॅशबोर्ड एका साधनातून दुसऱ्या साधनात नेणं म्हणजे आलेख पुन्हा काढणं, असा बहुतेकांचा समज असतो. कामाचा अंदाजही त्यावरूनच बांधला जातो. बारा आलेख असतील, तर रोज तीन या हिशोबाने चार दिवस. आलेख खरोखरच चार दिवसांत होतात. त्यानंतर लक्षात येतं, की जुना डॅशबोर्ड आलेखांखेरीज आणखी तीन गोष्टी मुकाट्याने सांभाळत होता. तो ठरलेल्या वेळी नवे आकडे आणत होता, आकडे जिथे असतात तिथवरची वाट त्याला ठाऊक होती आणि लोकांच्या मोबाइलमध्ये साठलेल्या पत्त्यावर तो हजर होता. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून हलवण्याच्या यादीतही ते येत नाही. हा लेख त्या तीन गोष्टींविषयी आहे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. समजा, पाणीप्रश्नावर काम करणारी एक छोटी संस्था राज्यातल्या शंभर धरणांचा रोजचा साठा दाखवणारा डॅशबोर्ड चालवते. सध्या तो मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये आहे आणि संस्थेला तो मेटाबेसमध्ये न्यायचा आहे. मेटाबेस मुक्त स्रोतातलं आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. सकाळी आठला घेतलेली पाण्याची पातळी साडेआठपासून साडेदहापर्यंत टप्प्याटप्प्याने संस्थेच्या कार्यालयातल्या डेटाबेसमध्ये येते, संध्याकाळी एकदा दुरुस्त्या येतात. डॅशबोर्डची लिंक शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरते आणि काही ग्रामपंचायतींच्या फलकांवर तिचा क्यूआर कोड चिकटवलेला आहे. पावसाळ्यात ती लिंक सर्वांत जास्त उघडली जाते.

सुरुवात पत्त्यापासून करायला हवी, कारण त्याचे निर्णय सर्वांत आधी घ्यावे लागतात, अंमल शेवटी होत असला तरी. पॉवर बीआयमध्ये एखादा रिपोर्ट सर्वांसाठी खुला केला, की मिळणारा पत्ता असा असतो:

```
https://app.powerbi.com/view?r=eyJrIjoi...
```

`r=` च्या पुढची लांबलचक अक्षरं निरर्थक वाटतात, पण ती फक्त बेस-६४ या पद्धतीने लिहिलेली एक छोटी चिठ्ठी आहे. उलगडली तर तिच्यात त्या रिपोर्टच्या सार्वजनिक प्रतीची किल्ली आणि संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट खात्याची ओळख मिळते. पत्ता मायक्रोसॉफ्टच्या नावाचा आणि आतली किल्लीही मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरला समजणारी. त्यामुळे या पत्त्यावर येणाऱ्या माणसाला आपोआप मेटाबेसकडे वळवण्याचा कुठलाही मार्ग संस्थेच्या हातात नाही.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे आपलं एखादं नाव, समजा `dharan.example.org`, डीएनएसमधून `app.powerbi.com` कडे वळवायचं. ते चालत नाही. ब्राउझर त्या नावाचं सुरक्षा प्रमाणपत्र मागतो आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे आपल्या नावाचं प्रमाणपत्र नसतं, म्हणून धोक्याची सूचना येते. शिवाय डीएनएस फक्त नाव वळवतं, त्यापुढचा लांबलचक भाग लोकांना टाइप करावा लागतोच.

म्हणून आपल्याच नावाखाली एक साधं पान ठेवायचं आणि डॅशबोर्ड त्या पानाच्या चौकटीत दाखवायचा, हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. लोकांना पत्ता द्यायचा तो या पानाचा. आत आज पॉवर बीआय आहे की उद्या मेटाबेस, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. दोन्ही साधनांचे सार्वजनिक रिपोर्ट अशा चौकटीत दाखवता येतात. हे पान स्थलांतराच्या दिवशी करायचं नाही, त्याच्या काही महिने आधी करायचं. आत जुनाच पॉवर बीआयचा रिपोर्ट ठेवून नवा पत्ता व्हॉट्सअॅप गटांत पाठवायचा, फलकांवरचे क्यूआर कोड बदलायचे, वार्तापत्रांत छापायचा. लोक नव्या पत्त्याला सरावले, की मग आतलं साधन बदलायचं. अशा वेळी प्रत्यक्ष बदल म्हणजे एका पानातली एक ओळ.

चौकटीऐवजी पुनर्निर्देशन, म्हणजे आपल्या पत्त्यावर आलेल्याला दुसऱ्या पत्त्यावर पाठवून देणं, हे आणखी सोपं आहे. एनजिनक्स सर्व्हरवर एवढंच लिहावं लागतं:

```
location = /panisatha {
    return 302 https://bi.example.org/public/dashboard/...;
}
```

यात दोन खाचखळगे आहेत. इथे `302` ऐवजी `301` लिहिलं, तर ब्राउझर ते कायमचं उत्तर समजून लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आपल्या सर्व्हरला विचारतच नाही. दोन वर्षांनी पुन्हा साधन बदललं, तर अशा माणसांचे मोबाइल जुन्याच ठिकाणी जात राहतील. दुसरा खळगा अधिक त्रासाचा आहे. पुनर्निर्देशन झालं, की पत्त्याच्या पट्टीत आतला पत्ता दिसू लागतो. लोक लिंक पुढे पाठवताना पट्टीतलाच पत्ता उचलतात. काही आठवड्यांत आपला सुटसुटीत पत्ता मागे पडतो आणि मेटाबेसचा लांब पत्ता गावभर फिरू लागतो. म्हणजे जो पत्ता आपल्याला कधीही बदलता यावा म्हणून एवढा खटाटोप केला, तोच लोकांच्या हाती जातो.

मेटाबेसच्या त्या आतल्या पत्त्याचाही भरवसा धरता येत नाही. डॅशबोर्ड सार्वजनिक केला, की मेटाबेस त्याला एक लांब सांकेतिक क्रमांक देतो. कुणी सार्वजनिक लिंक बंद करून पुन्हा चालू केली, तर क्रमांक नवा मिळतो आणि जुना निकामी होतो. हे सगळे क्रमांक आणि डॅशबोर्डची रचनाही मेटाबेसच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असते. मेटाबेस बसवल्यावर तो आपोआप एचटू नावाच्या एका फाइलमधल्या डेटाबेसवर चालू होतो. चाचणीला ते ठीक आहे. पण डॉकरमध्ये चालवताना ती फाइल डबा बदलताना पुसली गेली, तर पाण्याचे आकडे शाबूत राहतात आणि डॅशबोर्ड व त्याचे पत्ते नाहीसे होतात. म्हणून लोकांना लिंक देण्याआधीच ही अंतर्गत माहिती पोस्टग्रेसमध्ये हलवावी आणि तिची रोज प्रत काढावी.

चौकटीच्या मार्गातही एक कमतरता आहे. कुणाला फक्त उजनीचा साठा पाहायचा असेल, तर `?dharan=Ujani` अशी शेपटी लावलेली लिंक उपयोगी पडते. पॉवर बीआयच्या सार्वजनिक लिंकमध्ये अशी गाळणी चालतच नव्हती, मेटाबेसमध्ये चालते. पण बाहेरच्या पानाला लावलेली शेपटी आतल्या चौकटीपर्यंत आपोआप पोचत नाही. ती उचलून आत द्यायला पानात दोन ओळी लागतात:

```
const f = document.getElementById("board");
f.src = BASE + location.search;
```

`BASE` म्हणजे मेटाबेसचा सार्वजनिक पत्ता. मेटाबेसमधल्या गाळणीचं नाव रोमन अक्षरांत ठेवलं, की शेपटीही वाचण्याजोगी राहते. चौकट पांढरी दिसत असेल, तर आधी एक गोष्ट पाहावी: बाहेरचं पान `https` वर आणि मेटाबेस अजून `http` वर आहे का. असं असेल, तर ब्राउझर आतला भाग रोखून धरतो. पाहणाऱ्याला कोरी जागा दिसते आणि कारण फक्त ब्राउझरच्या विकासक-खिडकीत लिहिलेलं असतं.

पत्त्याचा निर्णय झाला, की आकड्यांच्या वाटेकडे यायचं. पॉवर बीआयने कार्यालयातल्या डेटाबेसपर्यंत पोचण्यासाठी तिथल्याच एका संगणकावर गेटवे नावाचा कार्यक्रम बसवलेला असतो. गेटवे आतून बाहेर जोडणी करतो, म्हणून कार्यालयाच्या राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी कुठलंही दार उघडावं लागत नाही. मेटाबेसकडे असा गेटवे नाही. त्याला डेटाबेसपर्यंत स्वतः पोचता आलं पाहिजे. मेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर आणि डेटाबेस कार्यालयातल्या राउटरमागे असेल, तर जोडणी होतच नाही आणि घाईत कुणीतरी राउटरमधलं डेटाबेसचं दार सगळ्या जगाला उघडून टाकतं. ते कधीच करू नये. एसएसएच बोगदा हा एक मार्ग आहे, मेटाबेसला तो वापरता येतो. पण आपल्या उदाहरणात दिशा उलटी करणंच मला योग्य वाटतं. कार्यालयातला संगणक ठरल्या वेळी आपणहून नवे आकडे सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसमध्ये ढकलेल आणि मेटाबेस ते तिथूनच वाचेल. कार्यालयाची वीज गेली, तरी लोकांना निदान शेवटचे पोचलेले आकडे दिसत राहतात.

मेटाबेसला द्यायचं डेटाबेसचं खातं फक्त वाचण्यापुरतं असावं आणि त्यालाही लोकांना दाखवायचे तक्ते तेवढेच दिसावेत. सार्वजनिक डॅशबोर्डमागे जे ठेवतो ते जगासमोर ठेवतो, असंच धरून चालावं. पॉवर बीआयच्या बाबतीत तर मायक्रोसॉफ्टच बजावते, की रिपोर्टमध्ये फक्त बेरीज दाखवली असली, तरी तिच्यामागचे तपशीलही पाहणाऱ्याच्या हाती लागू शकतात. हक्क द्यायला ओळी थोड्याच लागतात:

```
GRANT USAGE ON SCHEMA satha TO dash_read;
GRANT SELECT ON ALL TABLES IN SCHEMA satha TO dash_read;
```

पण दुसऱ्या ओळीत एक गोम आहे. `ALL TABLES` म्हणजे त्या क्षणी असलेले सगळे तक्ते, पुढे होणारे नाहीत. आता समजा आकडे ढकलणारी स्क्रिप्ट दर वेळी जुना तक्ता मोडून त्याच नावाचा नवा तयार करते. नवा तक्ता झाला, की जुन्याचे हक्क गेले. ज्या दिवशी बसवलं त्या दिवशी सगळं उत्तम चालतं आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला प्रत्येक आलेखाच्या जागी त्रुटीचा संदेश उभा राहतो. डेटाबेसमध्ये पाहावं, तर आकडे व्यवस्थित आलेले, म्हणून शोध भलत्याच दिशेने जातो. त्रुटीत `permission denied for table` हे शब्द दिसले, तर कारण बहुधा हेच. उपाय म्हणजे तक्ता न मोडता एकाच व्यवहारात जुन्या ओळी काढून नव्या भरायच्या. त्याने आणखी एक फायदा होतो: भरणं पूर्ण होईपर्यंत वाचणाऱ्याला जुनेच आकडे दिसतात, अर्धवट तक्ता कधीच दिसत नाही.

आता वेळापत्रक. दोन साधनांमधला खरा फरक इथे समजतो. आपल्या उदाहरणातल्या पॉवर बीआयच्या रिपोर्टने आकड्यांची एक प्रत स्वतःजवळ ठेवली होती. ताजेपणा म्हणजे ती प्रत बदलणं. साध्या परवान्यात ते दिवसाला आठ वेळा करता येतं आणि वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्याने निवडता येते. मेटाबेस प्रत ठेवत नाही. कुणी पान उघडलं, की तो त्याच क्षणी डेटाबेसला प्रश्न विचारतो. त्यामुळे मेटाबेसमध्ये जुन्या वेळापत्रकाची जागा शोधत बसलं, तर ती सापडत नाही. तिथे डेटाबेसच्या जोडणीत एक वेळापत्रक दिसतं खरं, पण ते तक्त्यांची आणि स्तंभांची नावं पाहून घेण्याचं असतं, आकड्यांचं नाही. अनेकजण त्यालाच आकड्यांचं समजून निश्चिंत होतात.

आकडे आणण्याचं काम आता साधनाबाहेर, क्रॉनकडे जातं. जुन्या रिपोर्टच्या वेळा सकाळी साडेआठ, साडेनऊ, साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच अशा होत्या असं धरू. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. यूटीसीवर चालणाऱ्या यंत्राच्या क्रॉनमध्ये त्याच वेळा अशा लिहाव्या लागतात:

```
0 3,4,5,12 * * *  /opt/satha/load.sh
```

कार्यालयातला संगणक भारतीय वेळेवर असेल, तर तिथे `30 8,9,10,17` लिहायचं. कुठलं काम कुठल्या यंत्रावर आणि ते यंत्र कुठल्या वेळेवर, हे एका कागदावर लिहून ठेवलेलं बरं.

साडेपाच तासांचा हा फरक आकड्यांमध्येही शिरतो. पॉवर बीआयची सेवाही यूटीसीवर चालते, म्हणून जुन्या रिपोर्टच्या सूत्रांत कुणीतरी कधीतरी वेळेत साडेपाच तास मिळवलेले असतात. मेटाबेसमध्ये अहवालाची वेळ भारतीय ठेवता येते. मग तेच सूत्र डोळे झाकून उतरवलं, तर साडेपाच तास दोनदा मिळवले जातात आणि सकाळी आठची नोंद दुपारी दीडची दिसू लागते. दीडची नोंद कुठल्याच धरणावर होत नसेल, तर ही चूक लगेच पकडता येते. तारखेची चूक मात्र लपून राहते. यूटीसीवरच्या डेटाबेसला `CURRENT_DATE` विचारलं, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तो कालची तारीख सांगतो. दिवसा तपासणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. तारीख अशी मागावी:

```
(now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

वेळापत्रकाबरोबर आणखी एक गोष्ट जुन्या साधनात राहून जाते, ती म्हणजे सूचना. पॉवर बीआयचं ताजं करणं फसलं, तर रिपोर्टच्या मालकाला मेल येतो आणि लागोपाठ चार वेळा फसलं तर वेळापत्रकच थांबवलं जातं. क्रॉनचं काम फसलं, तर खास व्यवस्था केल्याशिवाय कुणालाही काही कळत नाही. डॅशबोर्ड कालचे आकडे आजचे असल्यासारखे दाखवत राहतो. म्हणून मेटाबेसमध्ये एक छोटा प्रश्न करून ठेवावा:

```
SELECT dharan, max(nond_vel)
FROM satha.roj
GROUP BY dharan
HAVING max(nond_vel) < now() - interval '26 hours';
```

शेवटची नोंद होऊन सव्वीस तास उलटले, अशी धरणं तेवढी यात येतात. उत्तरात एकही ओळ आली तर मेल पाठव, असं मेटाबेसला सांगता येतं. सव्वीस का? आठच्या नोंदीला दुसऱ्या दिवशी आठला चोवीस तास होतात आणि नोंद पोचायला दोन तासांची सवलत. आकडे साडेदहापर्यंत येत असतात, म्हणून हा प्रश्न त्यानंतर, समजा अकराला विचारायचा. लोकांसाठीही पानाच्या अगदी वर शेवटच्या नोंदीची तारीख आणि वेळ ठळक लिहावी. तिथे पातळी धरणावर कधी मोजली ती वेळ हवी. आकडे सर्व्हरवर कधी आले ती वेळ तिथे टाकली, तर जुनी नोंदसुद्धा ताजी भासते.

एक शंका रास्त आहे. पान उघडलं की डेटाबेसला प्रश्न, तर धुवाधार पावसाच्या दिवशी हजारो लोकांनी पान उघडल्यावर काय होईल? शंभर धरणांच्या दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे साडेतीन लाखांहून अधिक ओळी. प्रत्येक भेटीला त्या चाळत बसलो, तर सर्व्हर थकेल. पण लोकांना पहिल्या पानावर हवा असतो तो आजचा साठा आणि त्यासाठी शंभर ओळी पुरतात. आकडे भरणाऱ्या स्क्रिप्टनेच शेवटी हा शंभर ओळींचा तक्ता तयार करून ठेवावा आणि पहिलं पान त्यावरच चालावं. मेटाबेसलाही उत्तर काही काळ धरून ठेवता येतं, पण आधी प्रश्न हलका करावा. जुन्या सार्वजनिक रिपोर्टमध्ये उत्तर तासभर साठवलेलं असायचं, त्यामुळे साडेआठचा आकडा कधी कधी साडेनऊला दिसे. नव्या पानावर तो लगेच दिसतो, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहताना तासाभराचा फरक दिसला तर दचकू नये.

शेजारी ठेवून मात्र पाहायलाच हवं. निदान दोन आठवडे दोन्ही डॅशबोर्ड एकाच वेळी चालवावेत. आकडे जुळवताना डोळ्यांवर विसंबू नये. जुन्यातून तक्ता उतरवून घ्यावा, नव्यातूनही घ्यावा आणि धरणागणिक वजाबाकी करावी. धरणागणिक आकडे बहुतेक वेळा जुळतात. घोटाळा असतो तो एकूण टक्केवारीत.

तो कसा होतो ते दोन धरणांवर पाहू. कोयनेची वापरण्याजोगी क्षमता सुमारे १०० टीएमसी धरू आणि उजनीची सुमारे ५३.५ टीएमसी. उजनीची एक खासियत अशी, की तिचा मृतसाठाच ६३ टीएमसीहून अधिक आहे आणि उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली जातं. अशा वेळी उपयुक्त साठा उणे दाखवला जातो. एखाद्या दिवशी कोयनेत ८० टीएमसी, म्हणजे ८० टक्के, आणि उजनीत उणे १०.७ टीएमसी, म्हणजे उणे २० टक्के पाणी आहे असं समजा. दोन्ही टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर ३० येते. पण दोन्ही साठ्यांची बेरीज ६९.३ आणि क्षमतांची बेरीज १५३.५, म्हणजे खरी टक्केवारी सुमारे ४५. पॉवर बीआयमधल्या सूत्रात आधी बेरजा आणि मग भागाकार असा क्रम असतो. मेटाबेसमध्ये मात्र तक्त्यात टक्क्यांचा स्तंभ तयार असेल, तर त्यावर सरासरी लावणं एका क्लिकचं काम आहे आणि हात आपसूक तिकडे जातो. म्हणून लोकांसमोरच्या तक्त्यात टक्क्यांचा स्तंभ ठेवूच नये, साठा आणि क्षमता एवढेच ठेवावेत आणि भागाकार शेवटी करावा.

उणे आकड्यांचीही वेगळी तपासणी करावी. जुन्या रिपोर्टमध्ये उणे टक्के लाल रंगात दिसत असतील आणि नव्या आलेखाचा अक्ष शून्यापासून सुरू होत असेल, तर उन्हाळ्यात उजनीचा स्तंभ नुसताच गायब होईल. पाहणाऱ्याला वाटेल, की आकडा आलाच नाही. स्थलांतर हिवाळ्यात केलं, तर ही चूक मे महिन्यापर्यंत कुणाच्याही नजरेस येणार नाही. म्हणून मागच्या मे महिन्यातली एखादी तारीख मुद्दाम लावून पाहावी.

दोन आठवडे आकडे जुळले, सूचनेचा मेल येतो का हे एकदा क्रॉन मुद्दाम थांबवून पाहिलं, की बदलाचा दिवस ठरवायचा. जून ते सप्टेंबर टाळावेत. त्या दिवशी करायचं एवढंच, की आपल्या पानातली चौकटीची ओळ बदलायची आणि चार वेगळ्या मोबाइलवरून, त्यातल्या एकावर तरी फलकावरचा क्यूआर कोड वाचून, पान उघडून पाहायचं. काही चुकलं, तर तीच ओळ पुन्हा जुनी करायची. पॉवर बीआयचं वेळापत्रक तोवर चालूच ठेवलेलं असतं, म्हणून परतीची वाट उघडी राहते.

मग उरतात ते लोक ज्यांच्याकडे अजून `app.powerbi.com` ची जुनी लिंक आहे. त्यांच्याबाबतीत सर्वांत वाईट काय होऊ शकतं? वेळापत्रक बंद करून जुना रिपोर्ट तसाच सोडून देणं. लिंक उघडते, आलेख दिसतात, सगळं नेहमीसारखं वाटतं, पण आकडे बदलाच्या दिवशी गोठलेले असतात. आवर्तन कधी सुटेल याचा अंदाज बांधणारा शेतकरी ऑक्टोबरचा साठा जानेवारीत पाहत राहतो. त्यापेक्षा तुटलेली लिंक बरी, ती निदान खोटं सांगत नाही. पण लिंक तोडायचीही गरज नाही. जुनाच रिपोर्ट संपादित करून त्यातली सगळी पानं काढायची आणि एकच पान ठेवायचं: हा डॅशबोर्ड आता या पत्त्यावर आहे, खाली मोठ्या अक्षरांत नवी लिंक. रिपोर्ट पुसून नवा करायचा नाही, कारण सार्वजनिक किल्ली त्या रिपोर्टशी बांधलेली असते. रिपोर्ट गेला की किल्लीही गेली. बदल लोकांना दिसायला तासभर लागू शकतो.

हे सूचनेचं पान किती काळ ठेवायचं, हे छापील क्यूआर कोडवर अवलंबून आहे. साध्या क्यूआर कोडमध्ये पत्ता जसाच्या तसा भरलेला असतो, तो बाहेरून बदलता येत नाही. ज्या फलकांवर जुना कोड आहे, त्यांची गावनिहाय यादी करून ते बदलेपर्यंत हे पान हवंच. तोवर ज्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून तो रिपोर्ट खुला केला होता, ते मायक्रोसॉफ्ट खातं बंद होणार नाही याकडे लक्ष ठेवावं. तो कर्मचारी संस्था सोडून जाणार असेल, तर खातं पुसण्याआधी यादीतले उरलेले फलक बदलून घ्यावेत.